टोकियोहून लंडनला आलेला स्विच: प्रदेश, टाइम झोन आणि मुलांच्या मर्यादा बदलण्याच्या नोंदी

१० जानेवारी २०२६

ताईचे कुटुंब टोकियोतील वास्तव्य संपवून लंडनला आले आहे आणि सामानातून मुलांचा निन्टेंडो स्विच हा गेम कन्सोल बाहेर निघाला आहे. यंत्र ओएलईडी पडद्याचे, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आलेले मॉडेल असून ते जपानमध्येच विकत घेतलेले आहे. ताईने माझ्यावर सोपवलेले काम असे: यंत्राचा प्रदेश जपानऐवजी युरोप करणे, घड्याळ इथल्या वेळेवर आणणे आणि मुलांसाठी घातलेल्या मर्यादा इथल्या दिनक्रमाला लागू पडतील अशा करून देणे. मुले दोन आहेत, भाची दहा वर्षांची आणि भाचा सहा वर्षांचा, आणि यंत्र मात्र एकच आहे. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम पुढे बऱ्याच ठिकाणी होणार आहे.

सर्वांत आधी यंत्र कोणते आहे याची खात्री करून घेतली, कारण त्यावरच काम शक्य आहे की नाही हे ठरते. स्विचच्या पहिल्या पिढीत कोणत्याही देशात घेतलेल्या यंत्राचा प्रदेश सेटिंगमधून बदलता येतो. चीनमध्ये अधिकृतपणे विकली गेलेली यंत्रे तेवढी निराळी. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ ची गोष्ट मात्र वेगळी आहे. जपानमध्ये त्याच्या दोन आवृत्त्या निघाल्या. सुरुवातीला ४९,९८० येनांना मिळणारी आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि तिला ज्या निन्टेंडो खात्याचा देश जपान आहे असेच खाते जोडता येते. अनेक भाषांची आवृत्ती ६९,९८० येनांना होती. ताईकडे स्वस्त आवृत्तीचे स्विच २ असते, तर या नोंदी इथेच थांबल्या असत्या, कारण ते यंत्र देशाबाहेर नेऊन दुसऱ्या देशाच्या खात्यावर चालवता येत नाही.

आजची स्थिती लिहून ठेवतो. भाषा जपानी, प्रदेश जपान, टाइम झोन टोकियो, इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालू. मुलांच्या मर्यादा ताईच्या फोनवरील ॲपमधून घातलेल्या असून खेळाची दैनिक मर्यादा एक तास आणि झोपेची वेळ रात्री नऊ आहे. ताईचे आणि दोन्ही मुलांचे निन्टेंडो खाते एकाच कुटुंब गटात असून तिन्ही खात्यांचा देश जपान आहे.

आज यंत्रावर काहीही बदलले नाही. पुढील बदल कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्यासाठी मात्र एक गोष्ट नीट उलगडून घ्यावी लागली. ‘प्रदेश’ हा एकच शब्द आपण वापरतो, पण तो या व्यवस्थेत तीन वेगवेगळ्या जागी बसलेला असतो. यंत्राचा प्रदेश यंत्रात असतो आणि त्याचा संबंध प्रामुख्याने बातम्यांची वाहिनी, वापराचा करार आणि काही खेळांचे वर्तन यांच्याशी असतो. खात्याचा देश निन्टेंडोच्या संकेतस्थळावर असतो आणि ई-शॉप हे निन्टेंडोचे ऑनलाइन दुकान कोणत्या देशाचे उघडेल हे तोच ठरवतो. यंत्राच्या प्रदेशाचा दुकानाशी संबंध नसतो. तिसरी जागा वयोगटाचे गुणांकन करणाऱ्या संस्थेची, आणि ती पालक-नियंत्रणाच्या सेटिंगमध्ये असते. एक बदलले म्हणजे उरलेली दोन आपोआप बदलली, असे गृहीत धरून चालणार नाही. टाइम झोन तर या तिन्हींहून स्वतंत्र आहे.

११ जानेवारी २०२६

घड्याळाला हात लावण्याआधी भाचीला एक विचारावे लागले: “तुझ्या बेटावर सलगम पडून आहेत का?” तिच्याकडे ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ आहे. एका बेटावर घडणारा हा खेळ यंत्राच्या घड्याळावर चालतो. त्यात दर रविवारी सकाळी सलगम विकत मिळतात, आठवडाभरात भाव पाहून ते विकायचे असतात आणि घड्याळ मागे गेले की ते सडतात. टोकियोची वेळ लंडनच्या हिवाळी वेळेपेक्षा नऊ तास पुढे असल्याने टाइम झोन बदलताच यंत्राचे घड्याळ नऊ तास मागे येणार. खेळाच्या दृष्टीने हे जाणूनबुजून भूतकाळात जाण्यापेक्षा वेगळे नाही. “मामा, घेतलेत, खूप आहेत,” असे उत्तर आले. तेव्हा सलगम विकून होईपर्यंत टाइम झोन तसाच ठेवण्याचे ठरले आणि आज केवळ भाषेचे काम केले.

भाषा तात्पुरती इंग्रजी केली, ती माझ्या सोयीसाठी. जपानी पडद्यावर वाट काढायची असेल तर मुख्य पडद्याच्या तळाशी असलेले दातेरी चक्राचे चिन्ह निवडावे. त्यावर 設定 असे लिहिलेले असते. डावीकडच्या यादीत अगदी खाली 本体 हा विभाग आहे आणि त्यात 言語 म्हणजे भाषा, 地域 म्हणजे प्रदेश आणि 日付と時刻 म्हणजे तारीख व वेळ असे पर्याय येतात. भाषा बदलल्यावर यंत्र पुन्हा सुरू होते. जतन केलेले खेळ, वापरकर्ते आणि पालक-नियंत्रणाच्या मर्यादा यांना त्याने काहीही होत नाही.

१४ जानेवारी २०२६

भाचीने सलगम विकले. मिळालेल्या भावाबद्दल ती फारशी समाधानी नव्हती, पण यंत्र मोकळे झाले.

आज टाइम झोन बदलला. `System Settings` मध्ये `System`, त्यात `Date and Time` आणि त्यात `Time Zone` असा रस्ता आहे. यादी शहरांच्या नावांनी लावलेली आहे आणि त्यातून लंडन निवडायचे. शहराच्या नावाने निवड करण्यामागे कारण आहे: शहर निवडले की जागतिक वेळेपासूनचे अंतर तर कळतेच, पण उन्हाळ्यात घड्याळ पुढे कधी करायचे याचा त्या ठिकाणचा नियमही सोबत येतो. हिवाळ्यात लंडनइतकीच वेळ असलेले दुसरे एखादे शहर निवडले, तर आज घड्याळ बरोबर दिसेल आणि मार्चअखेर एका तासाने चुकेल. म्हणून आज घड्याळ बरोबर दिसते एवढ्यावर समाधान न मानता निवडलेले नावही पाहून घेतले.

इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय चालूच ठेवली. ती चालू असताना तारीख आणि वेळ हाताने बदलता येत नाही, टाइम झोन मात्र बदलता येतो. काही जण टाइम झोन तसाच ठेवून ही सोय बंद करतात आणि हाताने इथली वेळ लावतात. मुख्य पडद्यावरचे घड्याळ त्याने बरोबर दिसते खरे, पण यंत्राच्या दृष्टीने ते अजूनही टोकियोतच असते. मला ही पद्धत अजिबात पटत नाही, विशेषतः ज्या यंत्रावर मुलांच्या वेळेच्या मर्यादा आहेत त्यावर.

टाइम झोन तसाच राहिला असता तर काय झाले असते, याचा हिशेब मी ताईसाठी कागदावर मांडून दाखवला, कारण “घड्याळ चुकीचे दिसले तर काय बिघडते, मुले फोन बघतातच” असे तिचे म्हणणे होते. झोपेची वेळ रात्री नऊ आणि सकाळी सहाला बंदी उठते, असे समजू. यंत्र टोकियोच्या वेळेवर असेल तर त्याचे रात्रीचे नऊ म्हणजे लंडनचे दुपारचे बारा आणि त्याचे सकाळचे सहा म्हणजे लंडनचे रात्रीचे नऊ. मुले दुपारी शाळेतून येतील तेव्हा यंत्र ‘आता झोपेची वेळ आहे’ असे सांगेल आणि ती खरोखर झोपायला जायच्या वेळी बंदी उठून खेळ मोकळा होईल. थोडक्यात, जी मर्यादा रात्रीसाठी घातली ती दुपारभर लागू होईल आणि रात्री नाहीशी होईल. तारखेचेही तसेच. टोकियोतील मध्यरात्र लंडनच्या दुपारी तीनला येते, त्यामुळे एका शालेय दिवसाची दुपार ॲपच्या नोंदीत दोन तारखांत विभागली जाईल आणि कोणत्या दिवशी किती खेळले हे पालकांना नीट कळणारच नाही.

ॲपमधील झोपेची वेळ बदलून ही तफावत भरून काढता येईल का, असे ताईने विचारले. तसे करायला लंडनच्या रात्री आठसाठी ॲपमध्ये पहाटेचे पाच अशी वेळ लावावी लागेल, आणि ॲप झोपेसाठी दुपार उलटल्यापासून रात्रीपर्यंतच्याच वेळा निवडू देते, पहाटेची नाही. म्हणजे टाइम झोन दुरुस्त करण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

१५ जानेवारी २०२६

यंत्राचा प्रदेश बदलला. `System` मध्येच `Region` आहे आणि तिथे जपान, अमेरिका खंड, युरोप, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड आणि हाँगकाँग, तैवान व दक्षिण कोरिया असे पर्याय दिसतात. यादी देशांची नसून विभागांची आहे, त्यामुळे ब्रिटन स्वतंत्रपणे सापडत नाही, `Europe` निवडायचे. त्यानंतर त्या विभागाचा वापर-करार मान्य करावा लागतो आणि यंत्र पुन्हा सुरू होते. काम काही मिनिटांत झाले आणि या संपूर्ण प्रकल्पातला हाच भाग सर्वांत सोपा निघाला, जरी सुरुवातीला घरात सगळी चर्चा याच्याभोवतीच होती.

यानंतर तपासून पाहिले. जपानहून आणलेली गेम कार्डे पूर्वीसारखीच चालतात, कारण स्विचची कार्डे प्रदेशाला बांधलेली नसतात. जतन केलेला खेळ जागच्या जागी आहे. भाचीची तक्रार वेगळीच होती: तिचे बेट आता इंग्रजीत बोलू लागले होते आणि तिला जपानीत वाचण्याची सवय आहे. हा प्रदेशाचा परिणाम नसून रविवारी मी बदललेल्या भाषेचा आहे, हे तिला समजावून सांगितले. भाषा आणि प्रदेश स्वतंत्र असल्याने प्रदेश युरोप ठेवून भाषा पुन्हा जपानी करता येते. सर्व कामे संपली की तसे करून देण्याचे कबूल केले.

१७ जानेवारी २०२६

आज खात्यांचा देश बदलण्याचा विचार केला आणि तूर्त तो पुढे ढकलला. कारण पैशांचे आहे. ताईच्या खात्यात ई-शॉपची काही येन शिल्लक आहे आणि शिल्लक असताना खात्याचा देश बदलता येत नाही. येन पौंडांत बदलून मिळत नाहीत. ती रक्कम जपानच्या दुकानातच संपवावी लागते. आगाऊ मागणी नोंदवलेली असेल तर तिचाही असाच अडसर होतो.

शिल्लक संपवण्यासाठी बाहेरून थोडी भर घालून एखादा खेळ घ्यावा म्हटले, तर तिथेही अडचण आहे. २५ मार्च २०२५ पासून जपानच्या ई-शॉपमध्ये परदेशात दिलेली क्रेडिट कार्डे आणि परदेशातील पेपाल खाती स्वीकारली जात नाहीत. ताईकडे जपानी बँकेचे कार्ड अजून चालू आहे म्हणून बरे. ते बंद झाल्यावर जपानी प्रीपेड कार्डाचाच आधार उरला असता.

ही रक्कम कशावर खर्च करावी याविषयी माझे मत असे की मुलांकडे ज्या खेळांची जपानी गेम कार्डे आहेत, त्यांच्यासाठी मूळ खेळात भर घालणारे काही जोडभाग घ्यायचे असतील तर ते याच वेळी जपानच्या दुकानातून घ्यावेत. अनेक खेळांत जोडभाग मूळ खेळाच्या प्रदेशाशी जुळावा लागतो. ब्रिटनच्या दुकानातून घेतलेला जोडभाग जपानी कार्डाला ओळखत नाही, आणि हे पैसे भरून झाल्यावर कळते. याउलट पूर्ण खेळ डाउनलोड म्हणून घेतला असेल तर तो खात्यावर राहतो आणि देश बदलल्यानंतरही पुन्हा उतरवून घेता येतो. ताईने यादी करायला घेतली आहे.

१८ जानेवारी २०२६

आजचा दिवस मुलांच्या मर्यादांचा. ही नोंद लांबणार आहे, कारण खरा विचार इथेच करावा लागला.

स्विचवर पालक-नियंत्रण दोन ठिकाणी विभागलेले आहे आणि दोन्हींची कक्षा वेगळी आहे. खेळाची वेळ, झोपेची वेळ, वयोगटानुसार खेळांवरील बंदी, इतरांशी संवाद आणि चित्रे समाजमाध्यमांवर टाकणे, हे सगळे यंत्राला लागू होते. यंत्राला, म्हणजे त्यावर कोण खेळत आहे याचा विचार न करता. ॲपमध्ये कोणता वापरकर्ता किती वेळ खेळला हे वेगवेगळे दिसते, त्यामुळे मर्यादाही प्रत्येकाची वेगळी असेल असा समज होतो. पण एक तासाची मर्यादा असेल तर तो तास भाऊ-बहीण मिळून असतो. आधी बसेल तो तास संपवतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला सूचना येते. खरेदीवरील बंदी आणि ई-शॉपमधील मजकूर वयानुसार झाकणे मात्र प्रत्येक मुलाच्या खात्याला स्वतंत्रपणे लागू होते आणि ते कुटुंब गटाच्या पानावरून, पालकाच्या खात्यातून करावे लागते. वेळेची मर्यादा आणि झोपेची वेळ फक्त फोनवरील ॲपमधूनच घालता येते; यंत्राच्या सेटिंगमध्ये तो पर्यायच नाही.

त्यामुळे दोन मुलांसाठी एक तास पुरेसा नाही, हे ताईला पटले. शाळेच्या दिवशी दीड तास आणि शनिवार-रविवारी अडीच तास, असे वारानुसार वेगळे लावले. त्या वेळेची वाटणी घरातच करावी लागेल, यंत्र ती करून देणार नाही. झोपेची वेळ रात्री आठ ठेवली. वेळ संपल्यावर काय व्हावे याचे दोन पर्याय आहेत. नेहमीच्या पर्यायात पडद्यावर फक्त सूचना येते आणि खेळ चालूच राहतो. मुलांनी किती वेळ जास्त खेळले ते ॲपमध्ये पालकांना दिसते. `Suspend Software` चालू केले तर खेळ जागच्या जागी थांबतो. थांबणे म्हणजे बंद होणे नव्हे, खेळ जिथे होता तिथेच गोठून राहतो. पण ऑनलाइन सामना चालू असेल तर तो तुटतोच. भाचीने याच कारणासाठी विरोध केला आणि तिचे म्हणणे मला रास्त वाटले. ताई ठाम राहिली आणि थांबवण्याचा पर्याय चालू केला. घर तिचे आहे.

आता वयोगटाची बाजू. हे यंत्र जपानमध्ये सुरू केल्यामुळे गुणांकन संस्था `CERO` होती. सेरोच्या पाच श्रेणी आहेत: ए म्हणजे सर्वांसाठी, बी म्हणजे बारा, सी म्हणजे पंधरा, डी म्हणजे सतरा आणि झेड म्हणजे अठरा वर्षांपुढे. युरोपात पेगी ही संस्था आहे आणि तिचे टप्पे तीन, सात, बारा, सोळा आणि अठरा असे आहेत. सेरोच्या अगदी खालच्या श्रेणीनंतर थेट बारा येते, पेगीमध्ये मात्र लहान मुलांसाठी तीन आणि सात असे दोन टप्पे आहेत, हा फरक आमच्या घरासाठी महत्त्वाचा ठरला.

उदाहरण मुलांकडे असलेल्या खेळांचेच घेतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ हा खेळ सेरोच्या मते ए, म्हणजे सर्वांसाठी. पेगीच्या मते तोच बारा वर्षांपुढील. ‘स्प्लाटून ३’ सेरोमध्ये ए, पेगीमध्ये सात. ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ मात्र दोन्हीकडे बारा. आता समजा वयाची मर्यादा दहा वर्षे ठेवली. सेरोप्रमाणे पाहिले तर पहिले दोन खेळ मोकळे आणि तिसरा बंद. संस्था बदलून पेगी केली की तीच दहा वर्षांची मर्यादा स्मॅश ब्रदर्सलाही बंद करते, म्हणजे भाची टोकियोत रोज जो खेळ खेळत होती तो लंडनमध्ये पिन मागू लागतो. खेळ बदललेला नाही, मुलीचे वय बदललेले नाही, मर्यादेचा आकडाही तोच आहे. मोजपट्टी तेवढी बदलली.

सेरो तशीच ठेवावी की पेगी करावी, यावर ताईशी बराच वेळ बोलणे झाले. माझा कल पेगीकडे होता आणि त्यामागचे कारण भाचा आहे. सेरोमध्ये सहा वर्षांच्या मुलासाठी वेगळी ओळ आखताच येत नाही, कारण ए श्रेणीत सगळेच बसते. शिवाय इथून पुढे नवीन खेळ ब्रिटनमधून घेतले जाणार, खोक्यांवर पेगीचे आकडे असणार, आणि पालकाने दुकानात पाहिलेला आकडा व यंत्रात लावलेला आकडा एकाच संस्थेचे असलेले बरे. यंत्राचा प्रदेश गुरुवारीच युरोप केला होता, तरी त्यावर विसंबून न राहता संस्थेचा पर्याय उघडून तिथे `PEGI` निवडले आहे, हे पाहून घेतले.

मग आकडा कोणता ठेवायचा? दोन्ही मुलांसाठी यंत्र एकच आणि मर्यादाही एकच. मी सुचवले की मर्यादा धाकट्याच्या सोयीने सात ठेवावी आणि भाचीचे खेळ अपवाद म्हणून एकेक मोकळे करावेत. ॲपमध्ये ठरावीक खेळांना बंदीतून वगळता येते. पण अपवादही यंत्रालाच लागू होतो. स्मॅश ब्रदर्स मोकळा केला की तो भाच्यालाही मोकळा, कारण वापरकर्ता निवडताना यंत्र कोणताही पिन विचारत नाही आणि भाचा बहिणीच्या चित्रावर बोट ठेवून आत जाऊ शकतो. म्हणून शेवटी असे ठरले की मर्यादा सात, अपवाद फक्त स्मॅश ब्रदर्सचा, आणि झेल्डा बंदीतच. तो खेळायचा असेल तेव्हा ताई किंवा दाजी पिन देतील. मुख्य पडद्यावर वरच्या बाजूला पालक-नियंत्रणाचे नारिंगी चिन्ह असते. त्यावर जाऊन पिन दिला की बंदी तात्पुरती उठते आणि यंत्र झोपेच्या स्थितीत गेले की पुन्हा लागू होते. याचा अर्थ असाही की पिन दिल्यावर वेळेची आणि वयाची अशा सगळ्याच मर्यादा उठलेल्या असतात, त्यामुळे नंतर यंत्र झोपवायला विसरू नये.

पिन चार ते आठ अंकी असतो. जुना चार अंकी पिन मुलांना माहीत असण्याची दाट शक्यता होती, कारण तो घरातल्या सगळ्याच गोष्टींना होता. तो बदलला. नवा पिन विसरला तर तो ताईच्या ॲपमधून पाहता येतो, हा ॲप जोडण्याचा दुय्यम पण मोलाचा फायदा आहे.

१९ जानेवारी २०२६

चाचणी. ॲपमध्ये बदल केला म्हणून तो यंत्रापर्यंत पोहोचला असे होत नाही. त्यासाठी यंत्र जागे आणि इंटरनेटला जोडलेले असावे लागते. म्हणून यंत्र सुरू ठेवून, दुपारी साडेचारनंतर ॲपमध्ये झोपेची वेळ पावणेपाच अशी लावली आणि खेळ सुरू करून वाट पाहिली. सूचना घरातल्या घड्याळाच्या पावणेपाचलाच आली. टाइम झोन आणि ॲप एकमेकांशी जुळले आहेत की नाही हे ओळखण्याची याहून खात्रीची रीत मला माहीत नाही. यंत्रावरचे घड्याळ पाहून अर्धेच कळते. बंदी प्रत्यक्ष केव्हा लागते ते पाहिल्याशिवाय उरलेले अर्धे कळत नाही. चाचणीनंतर झोपेची वेळ पुन्हा आठ केली आणि ती यंत्रावर पोहोचल्याचे पाहूनच उठलो.

वयाची चाचणी सोपी होती. झेल्डाचे चिन्ह निवडले, पिन मागितला. स्मॅश ब्रदर्स उघडला. ठीक.

२५ जानेवारी २०२६

ताईने यादीप्रमाणे जोडभाग घेतले आणि येन संपवले, त्यामुळे खात्यांचे राहिलेले काम आज केले. ताईने निन्टेंडोच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्याची माहिती उघडून देश युनायटेड किंगडम केला. मुलांच्या खात्यांवर पालकाची देखरेख असल्याने त्यांना स्वतः देश बदलता येत नाही. तो ताईने कुटुंब गटातून बदलला. त्यानंतर प्रत्येक मुलाच्या खात्यात खरेदीवरील बंदी आणि ई-शॉपमधील वयानुसार झाकणी चालू आहेत ना, हे एकेक करून पाहिले. ई-शॉप उघडल्यावर किमती पौंडांत दिसल्या आणि पूर्वी घेतलेले खेळ पुन्हा उतरवण्याच्या यादीत जसेच्या तसे होते.

शेवटी भाषा पुन्हा जपानी केली. बेट पूर्वीसारखे बोलू लागले आणि भाचीशी झालेला करार पुरा झाला.

३० मार्च २०२६

काल, रविवारी पहाटे, ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे झाली. टाइम झोनमध्ये शहर निवडताना जो विचार केला होता, तो आज पडताळून पाहायचा होता. यंत्राचे घड्याळ आपोआप पुढे आले आहे. टोकियोशी अंतर आता नऊऐवजी आठ तासांचे आहे, पण यंत्रात टोकियोचा उल्लेखच उरलेला नसल्याने त्याने काहीही फरक पडत नाही. झोपेची सूचना आज नव्या वेळेच्या आठला आली. भाच्याचे म्हणणे असे की बाहेर अजून उजेड आहे, तेव्हा आठ वाजलेलेच नाहीत. ताईने उन्हाळ्यापुरती झोपेची वेळ साडेआठ केली.